धावणाऱ्यांच्या गुडघ्याची दोन दुखणी : कारणे, ओळख आणि पुनर्वसनाचा क्रम

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील रस्ते पहाटेपासून जागे होतात. गारखेडा येथील विभागीय क्रीडा संकुल, विद्यापीठाचा परिसर, दौलताबाद आणि खुलताबाद यांना जोडणारा घाट, तसेच गावोगावच्या शाळांची मैदाने यांवर शेकडो तरुण-तरुणी धावताना दिसतात. त्यामागे स्पष्ट हिशेब आहे. अलीकडील भरतींत पोलीस शिपाई पदाच्या ५० गुणांच्या शारीरिक चाचणीत पुरुषांसाठी १६०० मीटर व महिलांसाठी ८०० मीटर धावण्यास २० गुण, १०० मीटर धावण्यास १५ गुण आणि गोळाफेकीस १५ गुण ठेवण्यात आले होते. म्हणजे पन्नासपैकी पस्तीस गुण पायांवर अवलंबून असतात. साहजिकच अनेक महिने न धावलेला उमेदवार काही आठवड्यांतच भरपूर धावू लागतो आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गुडघा धरून बसतो.

अशा वेळी ‘गुडघा झिजला’, ‘वाटी सरकली’ असे निदान मैदानावरच होते. प्रत्यक्षात या वयातील धावणाऱ्यांत प्रामुख्याने आढळणारी दुखणी दोन आहेत. एक गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस होते, तर दुसरे गुडघ्याच्या वाटीभोवती किंवा वाटीच्या मागे. वैद्यकशास्त्रात पहिल्यास इलिओटिबियल बँड सिंड्रोम आणि दुसऱ्यास पटेलोफिमोरल वेदना म्हणतात. दोन्हींत सहसा हाड मोडलेले नसते आणि सांधाही झिजलेला नसतो. दोन्ही शस्त्रक्रियेविना बरी होऊ शकतात. मात्र दोहोंची चिन्हे वेगळी असून पुनर्वसनाचा क्रमही काहीसा वेगळा आहे. उमेदवारांचा सराव घेणारे शिक्षक आणि मैदानाची सोय करणाऱ्या ग्रामपंचायती यांनी हा फरक समजून घेतल्यास अनेकांची भरतीची संधी वाचू शकते.

बाहेरच्या बाजूचे दुखणे

खुब्यापासून निघून मांडीच्या बाहेरच्या अंगाने गुडघ्याखाली नडगीच्या हाडापर्यंत जाणारी एक जाड, चिवट पट्टी असते. तिच्या वरच्या टोकास नितंबाचा मोठा स्नायू आणि खुब्याच्या पुढील बाजूचा एक लहान स्नायू जोडलेला असतो. गुडघ्याच्या किंचित वर, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकास बाहेरच्या बाजूने एक उंचवटा आहे. ही पट्टी त्या उंचवट्यावरून जाते आणि दुखणे नेमके तेथेच उद्भवते.

या दुखण्याचे सविस्तर वर्णन जेम्स रेनी या अमेरिकन लष्करी शल्यचिकित्सकाने १९७५ साली केले. त्याचे रुग्ण हे कठोर प्रशिक्षण घेणारे अमेरिकेच्या मरीन दलातील तरुण होते, ही गोष्ट आपल्या दृष्टीने लक्षणीय आहे. गुडघा वाकताना व सरळ होताना ही पट्टी उंचवट्यावर पुढे-मागे घासली जाते आणि त्यामुळे दाह होतो, अशी समजूत त्या काळी रूढ झाली. पुढे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या शरीररचनेच्या अभ्यासातून असे दिसून आले, की ही पट्टी तंतूंनी मांडीच्या हाडाशी बांधलेली असल्याने ती फारशी घसरू शकत नाही. गुडघा सुमारे ३० अंश वाकलेला असताना ती आतल्या बाजूस दाबली जाते. तिच्याखाली चरबीचा एक थर असून त्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू भरपूर असतात. तो थर वारंवार चेपला जातो आणि दुखू लागतो. म्हणजे येथे घर्षणापेक्षा दाबाला अधिक महत्त्व आहे.

हा ३० अंशांचा कोन ध्यानात ठेवला की पुढील बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. पाऊल जमिनीवर टेकल्यानंतर लगेच गुडघा या कोनातून जातो. उतारावर धावताना पाऊल टेकते तेव्हा गुडघा अधिक सरळ असतो, त्यामुळे या कोनाच्या आसपास तो अधिक काळ राहतो आणि दुखणे वाढते. वेगाने धावताना मात्र पाऊल टेकतानाच गुडघा जास्त वाकलेला असतो. म्हणून संथ धावताना दुखणारा गुडघा जलद धावताना कित्येकदा दुखत नाही. ‘हळू धावलो तर दुखते, जोरात धावलो तर नाही’ असे उमेदवार सांगतो, तेव्हा त्यास बहाणेबाज ठरवू नये. त्याचे म्हणणे शास्त्राला धरूनच आहे.

वाटीचे दुखणे

गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावरील खोबणीत वरखाली सरकते. मांडीच्या पुढच्या स्नायूचा जोर तिच्यामार्फत नडगीपर्यंत पोहोचतो. शरीराचा भार घेऊन गुडघा जसजसा वाकतो, तसतशी वाटी खोबणीवर अधिक जोराने दाबली जाते. म्हणूनच जिना चढता-उतरताना, उकिडवे बसताना, उठाबशा काढताना किंवा गुडघे दुमडून बराच वेळ बसल्यावर हे दुखणे जाणवते. एस.टी.च्या लांब प्रवासानंतर किंवा अभ्यासिकेत दोन-तीन तास बसून उठताना गुडघा धरतो, हे त्याचे नेहमीचे लक्षण होय.

‘वाटी रुळावरून सरकते’ ही कल्पना यासंबंधी फार काळ प्रचलित होती. पाय जमिनीवर टेकलेला असताना घेतलेल्या चुंबकीय प्रतिमांच्या २००३ सालच्या अभ्यासात वेगळेच चित्र दिसले. कित्येकदा वाटी जागेवरच राहते आणि तिच्याखालील मांडीचे हाड आतल्या बाजूस वळते. या वळण्यावर ताबा ठेवण्याचे काम खुब्याचे स्नायू करतात. गुडघ्याच्या दुखण्यात खुब्याच्या व्यायामांना स्थान मिळाले, त्याचे हे एक कारण आहे.

येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. दुखणाऱ्या व्यक्तीचे खुब्याचे स्नायू अशक्त आढळतात हे खरे असले, तरी प्रौढांमध्ये ती अशक्तता दुखण्याआधी होती असे सिद्ध झालेले नाही. दुखल्यामुळे हालचाल कमी होते आणि स्नायू दुबळे होतात, असेही असू शकते. लष्करी प्रशिक्षणार्थींच्या बाबतीत मात्र मांडीच्या पुढच्या स्नायूंची अशक्तता आधीपासून असली तर वाटीचे दुखणे होण्याचा संभव वाढतो, असे आढळले आहे. उलट, मांडी व नडगी यांच्यातील कोन मोजून कोणास हे दुखणे होईल याचे भाकीत करता येत नाही. तेव्हा पायांच्या ठेवणीवरून उमेदवारास नाउमेद करणे योग्य नव्हे. मूळ प्रश्न बहुधा ठेवणीचा नसतो. ऊतींना जुळवून घेण्यास अवधी न देता वाढविलेल्या भाराचा तो असतो.

ओळख कशी पटवावी

दुखणे कोठे आहे ते एका बोटाने दाखवावयास सांगणे ही पहिली पायरी होय. बाहेरच्या पट्टीचे दुखणे असल्यास उमेदवार गुडघ्याच्या सांध्याच्या रेषेपासून दोन-तीन सेंटिमीटर वर, बाहेरच्या हाडावर नेमके बोट ठेवतो. वाटीचे दुखणे असल्यास त्यास एक बिंदू दाखविता येत नाही. तो संपूर्ण तळवा वाटीवर ठेवतो किंवा वाटीभोवती बोट फिरवितो.

दुसरी पायरी म्हणजे दुखणे केव्हा सुरू होते ते विचारणे. पट्टीचे दुखणे बहुधा ठरावीक अंतरानंतर सुरू होते, धावत राहिल्यास वाढते आणि थांबून चालू लागल्यावर ओसरते. वाटीचे दुखणे धावण्यापुरते मर्यादित नसते, ते जिन्यावर आणि बसण्या-उठण्यातही जाणवते.

तिसरी पायरी साध्या परीक्षेची आहे. उमेदवारास उताणे झोपवून गुडघा काटकोनात वाकवावा, बाहेरच्या उंचवट्यावर अंगठ्याने दाब द्यावा आणि गुडघा हळूहळू सरळ करावा. सुमारे ३० अंश वाकलेला असताना ओळखीची कळ आली, तर पट्टीचा संशय बळावतो. वाटीसाठी उभ्याने हळूहळू उकिडवे बसावयास सांगावे. वाटीचे दुखणे असलेल्या बहुतेकांना त्या वेळी दुखते. गुडघ्यात नुसता ‘कटकट’ आवाज येणे, दुखत नसल्यास, झिजेचे लक्षण मानू नये.

काही चिन्हे या दोहोंपैकी कोणत्याही दुखण्यात बसत नाहीत. गुडघा मुरगळून काही तासांतच सुजणे, मध्येच अडकणे, चालताना अचानक लचकून सुटणे, विश्रांतीत किंवा रात्री ठणकणे, ताप असणे, अथवा एका पायावर उडी मारताच नडगीत किंवा जांघेत हाडावर कळ येणे, यांपैकी काहीही असेल तर मैदानावर प्रयोग करू नयेत. उमेदवारास तत्काळ शासकीय रुग्णालयातील अस्थिरोग विभागाकडे पाठवावे. शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे, म्हणजे घाटीचे, रुग्णालय त्यासाठी उपलब्ध आहे.

एका उमेदवाराचा हिशेब

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक नमुना घेऊ. खुलताबाद तालुक्यातील एक बावीस वर्षांचा उमेदवार आठवड्यातून तीन दिवस, दर दिवशी तीन किलोमीटर धावत असे, म्हणजे आठवड्यास नऊ किलोमीटर. जाहिरात निघताच त्याने आठवड्यातील सहा दिवस, दररोज पाच किलोमीटर सुरू केले. नऊचे एकदम तीस झाले, म्हणजे भार तिपटीहून अधिक वाढला. त्यातील निम्मे अंतर दौलताबादच्या बाजूने घाट उतरण्याचे होते. तिसऱ्या आठवड्यात, तिसरा किलोमीटर सुरू होताच उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस कळ येऊ लागली. चालू लागल्यावर ती थांबे आणि दुसऱ्या दिवशी जवळपास त्याच अंतरावर पुन्हा येई. मैदानावर चारशे मीटर जोरात धावताना मात्र काहीच जाणवत नसे. ही सर्व लक्षणे पट्टीच्या दुखण्याची आहेत.

त्याच्या पुनर्वसनातील पहिले दहा दिवस भार उतरविण्याचे. घाट व लांब धाव पूर्ण बंद करावी. सपाटीवर चालणे आणि दुखत नसेल तर सायकल चालविणे सुरू ठेवावे. दुखऱ्या जागी कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे ठेवल्यास कळ कमी होते. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे सर्वथा चुकीचे आहे. भार किती वाढवावा हे सांगणारी खूणच त्यामुळे नाहीशी होते. बाटली किंवा लाटणे मांडीवर फिरविल्याने काही काळ बरे वाटेल, पण ही पट्टी इतकी ताठ असते की त्यामुळे ती लांब होत नाही.

त्याच काळात खुब्याच्या बाजूच्या स्नायूंचे व्यायाम सुरू करावेत. पहिला व्यायाम कुशीवर झोपून करावयाचा असतो. दुखरा पाय वर ठेवून, गुडघा सरळ व टाच किंचित मागे ठेवून तो सावकाश उचलावा आणि सावकाश खाली आणावा. दुसऱ्या व्यायामात पायरीच्या कडेवर एका पायाने उभे राहावे, दुसरा पाय अधांतरी ठेवावा, त्या बाजूचा कमरेचा भाग खाली सोडावा व पुन्हा समपातळीत आणावा. उभ्या पायाचा गुडघा मात्र सरळ राहिला पाहिजे. प्रारंभी रोज प्रत्येकी पंधरा वेळा करून क्रमाने तीस-तीसच्या तीन फेऱ्यांपर्यंत न्यावे. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या स्वरूपाच्या सहा आठवड्यांच्या कार्यक्रमानंतर २४ पैकी २२ धावपटू वेदनारहित धावू लागले होते. तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने सर्व श्रेय व्यायामांनाच देता येत नाही, कारण त्या काळात विश्रांतीही मिळाली होती. तरीही हा क्रम सोपा व निर्धोक आहे.

हाडावर दाबल्यास दुखत नाही आणि एका पायावर उभे राहून दहा वेळा किंचित वाकता येते, अशी स्थिती आल्यावरच धावणे पुन्हा सुरू करावे. प्रारंभ संथ धावेने करण्याचा मोह होतो. परंतु ३० अंशांच्या कोनाचे तत्त्व लक्षात घेता सपाटीवरील चपळ, लहान धावा येथे अधिक सुसह्य ठरतात. तिसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड ८० मीटरच्या सहा धावा, प्रत्येक धावेनंतर तेवढेच अंतर चालणे. चौथ्या आठवड्यात एक दिवसाआड २०० मीटरच्या आठ धावा आणि मध्ये १०० मीटर चालणे. पाचव्या आठवड्यात सलग दोन किलोमीटर, तीन वेळा. सहाव्या आठवड्यात सलग तीन किलोमीटर, तीन वेळा. म्हणजे सहाव्या आठवड्याच्या अखेरीस तो आपल्या मूळच्या नऊ किलोमीटरवर येतो. तेथून पुढे एका वेळी एकच गोष्ट वाढवावी, अंतर किंवा वेग, दोन्ही नव्हे. घाट सर्वांत शेवटी, तोही प्रथम चढून जाण्यापुरता. उतरताना चालतच यावे.

वाटीच्या दुखण्यात काय बदलते

आता दुसरी उमेदवार घेऊ. ती ८०० मीटरची तयारी करते. सरावात रोज शंभर उठाबशा व बेडूकउड्या आहेत आणि उरलेला दिवस अभ्यासिकेत मांडी घालून जातो. तिला वाटीभोवती दुखते. तिला संपूर्ण विश्रांती देण्याची सहसा गरज नसते. सहन होईल इतक्या भाराने सांध्यास कामात ठेवणे हे येथील सूत्र आहे.

कॅनडात ६९ धावपटूंवर आठ आठवडे झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. एका गटास फक्त भाराचे नियोजन शिकविले. दुसऱ्यास त्यासोबत व्यायाम दिले आणि तिसऱ्यास धावण्याची ढब बदलावयास शिकविले. तिन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले. याचा अर्थ असा, की भाराचे नियोजन हाच उपचाराचा पाया होय. त्या नियोजनाची मोजपट्टी कोणत्याही शाळेत वापरता येईल. शून्य म्हणजे मुळीच वेदना नाही आणि दहा म्हणजे असह्य वेदना, असे मानावे. धावताना वेदना दोनच्या पुढे जाऊ नये आणि धाव संपल्यावर तासाभरात ती पूर्वस्थितीस यावी. या दोन्ही अटी पाळल्या गेल्या तर तेवढी धाव चालू ठेवण्यास हरकत नाही. एकही मोडली तर पुढील वेळी अंतर किंवा वेग कमी करावा.

व्यायामात बेडूकउड्या व पूर्ण उठाबशा काही आठवडे थांबवाव्यात. त्यांच्याऐवजी भिंतीस पाठ टेकून, दुखणार नाही इतपतच खाली बसून उठावे, पुढे कमी उंचीच्या पायरीवर चढ-उतार करावा आणि जोडीला वर सांगितलेले खुब्याचे व्यायाम करावेत. दुखणे ओसरेल तसतशी बसण्याची खोली वाढवावी. मांडीच्या पुढच्या स्नायूस बळकटी आणणे येथे आवश्यक असल्याने उठाबशा कायमच्या वर्ज्य नाहीत, त्यांची वेळ मात्र नंतर येते. वाटीवर लावलेल्या चिकटपट्टीने पहिले काही आठवडे दिलासा मिळतो, पण ती व्यायामाची जागा घेऊ शकत नाही. हे दुखणे चिवट असते, अनेकांना त्यासाठी काही महिने द्यावे लागतात, हेही आरंभीच सांगावे.

पावलांची गती हे आणखी एक उपयुक्त साधन आहे. लांब टांगा टाकून धावल्यास पाऊल शरीराच्या फार पुढे पडते आणि गुडघ्यावर अधिक जोर येतो. वेग तोच ठेवून पावलांची संख्या दहा टक्क्यांनी वाढविल्यास वाटीवरील कमाल दाब सुमारे चौदा टक्क्यांनी घटतो, असे २०१४ सालच्या एका अभ्यासातील गणिताने दाखविले आहे. मोजण्याची रीत सोपी आहे. पंधरा सेकंदांत उजवे पाऊल किती वेळा टेकते ते मोजावे. ते वीस वेळा टेकत असेल, तर मिनिटास एकूण १६० पावले झाली. ते एकवीस वेळा टेकवावे, म्हणजे १६८ पावले, पाच टक्के वाढ. दोन आठवड्यांनी बावीस, म्हणजे १७६. त्याहून पुढे जाऊ नये, कारण श्रम वाढतात आणि पोटरीवर ताण येतो. पट्टीच्या दुखण्यातही ही युक्ती करून पाहता येते. शिवाय दोन्ही पावले एकाच रेषेत पडत असतील, तर ती किंचित दूर टाकावीत. त्यामुळे पट्टीवरील ताण कमी होतो.

शिक्षक व ग्रामपंचायतींसाठी

गावातील सराव बहुधा डांबरी रस्त्यावर होतो. रस्ता मध्ये उंच आणि कडेस उतरता असल्याने रोज एकाच कडेने धावणाऱ्याचे दोन्ही पाय सारख्या पातळीवर पडत नाहीत. वाहनांचा धोका वेगळाच. गायरानातील किंवा शाळेच्या मैदानातील जागा सपाट करून सुमारे ३२ मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखले, तर त्याचा परीघ २०० मीटरच्या आसपास येतो. आठ फेऱ्यांत १६०० आणि चार फेऱ्यांत ८०० मीटर पूर्ण होतात. दगड-गोटे वेचून, पाणी मारून रोलर फिरविला की धावपट्टी तयार होते. धावण्याची दिशा मात्र एक दिवसाआड बदलावी, म्हणजे वळणाचा ताण एकाच पायावर पडत नाही.

सराव घेणाऱ्या शिक्षकाने एक वही ठेवावी. तीत प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढे त्या आठवड्याचे एकूण किलोमीटर आणि धावताना झालेली कमाल वेदना, शून्य ते दहा, एवढ्या दोनच नोंदी कराव्यात. किलोमीटर एकदम दुप्पट झालेले दिसले, किंवा वेदनेचा आकडा लागोपाठ दोन आठवडे दोनच्या वर राहिला, तर त्या उमेदवारास वर सांगितलेल्या परीक्षा करून पाहण्यास बोलवावे. गुडघा पूर्ण धरून बसल्यावर सहा आठवडे जातात, वहीत वेळीच नोंद दिसली तर पुष्कळदा काही दिवसांची धाव कमी करून काम भागते. मैदानी चाचणीची तारीख जवळ आलेली असेल तेव्हा हा फरक उमेदवारास फार मोलाचा असतो.